बॅलन्स कापला जातो, रेंज येत नाही : तक्रारीचे पत्र कसे लिहावे?

मोबाइल कंपनीला सोसायटीच्या नावाने पाठवलेले बहुतेक अर्ज उत्तराविनाच राहतात, आणि लोक म्हणतात, 'कंपनी ऐकतच नाही.' पण अर्ज वाचून पाहिला की निम्मे कारण त्यातच सापडते. घाटकोपर पश्चिमेला असल्फाच्या टेकडीच्या पायथ्याशी आमची सोसायटी आहे, बेचाळीस घरांची. गेल्या वर्षी कमिटीने एका मोबाइल कंपनीला पाठवलेला अर्ज असा होता: 'आमच्या इमारतीत नेटवर्क अजिबात येत नाही आणि रहिवाशांचा बॅलन्स वारंवार कापला जातो. तरी त्वरित योग्य ती कारवाई करावी.' खाली बेचाळीस सह्या आणि सोसायटीचा शिक्का होता. दोन महिने उत्तर आले नाही. मग कमिटीने तो कागद आमच्या हाती दिला. शिक्षकी पेशात असल्यामुळे अर्ज, निवेदने लिहून देण्याचे काम आमच्याकडे येतच असते.

या अर्जात दोन अगदी वेगळ्या तक्रारी एकत्र घातल्या होत्या. पैसे कापले जाणे हा एका माणसाचा, एका नंबरचा हिशेब असतो. रेंज न येणे हा जागेचा प्रश्न असतो. कंपनीत दोन्ही कामे वेगवेगळी माणसे पाहतात आणि दोन्हींच्या मुदतीही वेगळ्या असतात. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की कंपनीची तक्रार-यंत्रणा 'सोसायटी' ओळखत नाही. ती ओळखते मोबाइल नंबर आणि डॉकेट नंबर. दूरसंचार नियामक प्राधिकरण, म्हणजे ट्राय, याने २०१२ मध्ये तक्रार निवारणाचे नियम केले. त्यांनुसार ग्राहकाची प्रत्येक तक्रार नोंदवून तिला डॉकेट नंबर देणे कंपनीवर बंधनकारक आहे. हा नंबर नसेल तर पुढच्या पायरीवर तुमची तक्रार झालीच नव्हती, असे धरले जाते. बेचाळीस सह्यांच्या कागदाला डॉकेट नव्हते. म्हणून आधी डॉकेट आणि मग पत्र, हा क्रम पक्का ठेवावा.

पैसे कुठे जातात, हे आधी ओळखा

प्रीपेड ग्राहकाच्या खात्यात दोन गोष्टी असतात. एक पॅक, ज्यात ठरावीक दिवसांचे कॉल आणि इंटरनेट येते. दुसरा मुख्य बॅलन्स, म्हणजे टॉपअपचे सुटे पैसे. कापले जातात ते मुख्य बॅलन्समधून. शंभर रुपयांचा टॉपअप केल्यावर खात्यात ऐंशीच्या आसपासच रुपये दिसतात, ती मात्र कपात नव्हे. जीएसटी आणि प्रक्रिया शुल्क वजा होऊन तेवढेच उरतात. तक्रारीत हा फरक घातला, तर कंपनी त्याच मुद्द्याचे उत्तर देऊन मोकळी होते.

खरी कपात कोणत्या प्रकारची आहे, ते तारखा आणि रकमा ओळीने मांडल्या की कळते. ठरावीक दिवसांनी तीच रक्कम जात असेल तर एखादी 'मूल्यवर्धित सेवा' चालू आहे: कॉलर ट्यून, क्रिकेटची खबर, गेम, जोतिष वगैरे. वेळी-अवेळी, वेगवेगळ्या छोट्या रकमा जात असतील तर पॅक संपल्यावर इंटरनेट चालू राहिले असेल किंवा पॅकमध्ये न बसणारे एसएमएस किंवा परदेशी कॉल झाले असतील. नव्वद दिवस न वापरलेल्या जुन्या सिममधून एकदम वीस रुपये गेले, तर ती सहसा नंबर जिवंत ठेवण्याची फी असते. त्यावर भांडून उपयोग नाही.

आमच्या इमारतीतल्या एका खालाजानचा हिशेब घेऊ. वय अडुसष्ट, फोन साधा स्मार्टफोन. नातवाने फोन खेळायला घ्यायचा आणि त्यांनी लेकीशी बोलायचे, एवढाच त्याचा वापर. 'बेटा, मी कुणाला फोनच केला नाही, मग पैसे जातात कुठे?' असे त्या विचारत होत्या. आम्ही त्यांच्या फोनमधले संदेश उघडून तारखा लिहून काढल्या. ७, १४, २१ आणि २८ ऑक्टोबर, मग ४ आणि ११ नोव्हेंबर. दर सात दिवसांनी दहा रुपये, सहा वेळा मिळून साठ. आकडे असे शिस्तीत आले म्हणजे ती साप्ताहिक वर्गणीच असणार. संदेशांत वर्गणीच्या सेवेचे नावही मिळाले. एक गेम होता.

अशा सेवांबाबत ट्रायने जुलै २०१३ मध्ये कंपन्यांना स्पष्ट निर्देश दिले आहेत. ग्राहकाने सेवा मागितली, तरी ती सुरू करण्यापूर्वी त्याच्याकडून दुसऱ्यांदा वेगळी खात्री घ्यायची. सुरू झाल्यावर सेवेचे नाव, दर, मुदत आणि ती बंद कशी करायची, हे त्याला कळवायचे. बंद करण्यासाठी सर्व कंपन्यांचा एकच मोफत क्रमांक आहे, १५५२२३. त्यावर फोन करावा किंवा STOP असा संदेश पाठवावा. पैसे कापल्यापासून २४ तासांच्या आत ग्राहकाने 'ही सेवा मी मागितली नव्हती' असे कळवले, तर सेवा बंद करून ते पैसे परत द्यावे लागतात. इंटरनेट नको असेल तर ते बंद करण्यासाठी १९२५ हा वेगळा मोफत क्रमांक आहे.

खालाजानची शेवटची कपात ११ नोव्हेंबरला दुपारी झाली होती. १२ तारखेला सकाळी आम्ही त्यांच्याच फोनवरून १५५२२३ लावून सेवा बंद केली आणि लगेच १९८ वर तक्रार नोंदवली. १९८ हा तक्रारीचा मोफत क्रमांक आहे. १२१ हा माहितीचा आहे, तिथे बोलून डॉकेट मिळेलच असे नाही. डॉकेट नंबर एसएमएसने आला. चोवीस तासांत तक्रार झाल्याने शेवटचे दहा रुपये दोन दिवसांत परत आले. आधीचे पन्नास राहिले. पत्र लिहायचे होते ते या पन्नास रुपयांसाठी.

रेंज नाही म्हणजे नेमके काय?

'नेटवर्क अजिबात नाही' या वाक्यावर कंपनीचा इंजिनीअर काहीच करू शकत नाही. त्याला आकडा लागतो, आणि तो आपल्या फोनमध्येच असतो. अँड्रॉइड फोनच्या सेटिंग्जमध्ये फोनविषयीच्या माहितीत सिमची स्थिती उघडली की सिग्नलची ताकद दिसते. तिच्यापुढे dBm असे लिहिलेले असते आणि आकडा उणे असतो. उणे जितके मोठे, तितका सिग्नल कमजोर. ४जी साठी ढोबळमानाने उणे ९० च्या आत असेल तर उत्तम. उणे ११० च्या पुढे गेल्यावर बोलणे तुटू लागते. उणे १२० जवळ फोन जवळजवळ मुका होतो.

आम्ही आठ दिवस, दिवसातून तीनदा, चार ठिकाणी आकडे घेतले. सातवीच्या दोन मुलांना वही दिली, त्यांनी ते काम आनंदाने केले. एका कंपनीचे सरासरी आकडे असे आले: गच्चीवर उणे ८२, सातव्या मजल्यावर उणे १०१, तिसऱ्यावर उणे ११७ आणि तळमजल्याच्या जिन्यात सेवाच नाही. बाकीच्या दोन कंपन्या तिसऱ्या मजल्यावर उणे १०० च्या आसपास होत्या.

हे आकडे बरेच काही सांगतात. गच्चीवर सिग्नल चांगला आहे, म्हणजे टॉवर चालू आहे. तो इमारतीत खाली उतरत नाही, एवढेच. फक्त एकाच कंपनीचा सिग्नल पडतो, म्हणजे दोष केवळ आमच्या भिंतींचा नाही. सगळ्याच कंपन्या सारख्या पडल्या असत्या तर इमारतीची जागा आणि बांधकाम पाहावे लागले असते. गच्चीवरही आकडा वाईट असता तर टॉवर बंद पडला किंवा काढला असे समजावे. आणि फोनवर रेंजच्या काड्या पूर्ण दिसूनही कॉल लागत नसेल, तर टॉवरवर गर्दी तरी आहे किंवा आजूबाजूला कुणीतरी बेकायदा बूस्टर लावला आहे.

या बूस्टरबद्दल दोन शब्द. बाजारात काही हजार रुपयांत मिळणारे हे यंत्र सोसायट्या बिनदिक्कत लावतात. परवानाधारक कंपनीखेरीज कुणालाही असे यंत्र लावायला कायद्याने मनाई आहे. ते कंपनीच्या टॉवरच्याच लहरींवर गोंगाट सोडते. आपल्या घरात काड्या वाढतात आणि शेजारच्या चार इमारतींचे कॉल तुटतात. आमच्याही कमिटीत ही सूचना आली होती. ती मान्य केली असती तर तक्रारदार असलेली आमची सोसायटीच आरोपी ठरली असती.

पत्र

मुंबई हे दूरसंचाराच्या हिशेबात महाराष्ट्रापासून वेगळे परिमंडळ आहे. म्हणून पत्र मुंबई परिमंडळाच्या पत्त्यावर गेले पाहिजे, पुण्याच्या नव्हे. प्रत्येक कंपनीच्या तक्रार केंद्राचे आणि अपील प्राधिकरणाचे पत्ते, ई-मेल ट्रायच्या tccms.trai.gov.in या संकेतस्थळावर मिळतात. खालाजानच्या नावे आम्ही लिहिलेले पत्र असे होते:

> प्रति,
> तक्रार केंद्र, मुंबई परिमंडळ
>
> विषय : मोबाइल क्रमांक … – न मागितलेल्या सेवेपोटी झालेली कपात परत मिळणेबाबत. डॉकेट क्र. …, दिनांक १२ नोव्हेंबर.
>
> महोदय,
>
> वरील प्रीपेड क्रमांक माझ्या नावावर आहे. या क्रमांकाच्या मुख्य बॅलन्समधून ७, १४, २१, २८ ऑक्टोबर आणि ४, ११ नोव्हेंबर या तारखांना प्रत्येकी १० रुपये, एकूण ६० रुपये, एका गेम-सेवेच्या नावाने कापले गेले. कपातीच्या संदेशांची छायाचित्रे सोबत जोडली आहेत.
>
> ही सेवा मी मागितलेली नाही. १२ नोव्हेंबर रोजी १५५२२३ वर ती बंद केली असून शेवटचे १० रुपये परत मिळाले आहेत.
>
> माझी विनंती दोनच गोष्टींची आहे. (१) उरलेले ५० रुपये मुख्य बॅलन्समध्ये जमा करावेत. (२) तसे करायचे नसल्यास, ही सेवा सुरू करण्यापूर्वी माझ्याकडून घेतलेली पहिली मागणी आणि दुसरी खात्री, दोन्हींची तारीख, वेळ व नोंद मला लेखी द्यावी.
>
> आपली,
> (सही, पत्ता)

या पत्रात राग नाही, 'त्वरित योग्य ती कारवाई' नाही. सगळे वजन दुसऱ्या मागणीवर आहे. सेवा मागितली नव्हती, हे ग्राहक कसे सिद्ध करणार? न केलेल्या गोष्टीचा पुरावा कुणाकडेच नसतो. केलेल्या गोष्टीची नोंद मात्र कंपनीकडे असायलाच हवी. तीच मागितली की पुरावा देण्याची जबाबदारी जिथे असायला हवी तिथे जाते. जुना हिशेब आपल्या फोनमधून पुसला गेला असेल तर प्रीपेड ग्राहकालाही मागच्या सहा महिन्यांतल्या वापराचा तपशीलवार हिशेब मागता येतो. त्याची फी पन्नास रुपयांपेक्षा जास्त घेता येत नाही आणि तो तीस दिवसांत द्यावा लागतो.

रेंजचे पत्र वेगळे केले. आमच्या सोसायटीत त्या कंपनीचे सतरा नंबर होते. त्यांपैकी अकरा जणांनी आपापल्या फोनवरून १९८ वर तक्रार नोंदवली. खालच्या मजल्यांवरच्या लोकांना त्यासाठी गच्चीवर जावे लागले. मग सोसायटीच्या पत्रात अकरा डॉकेट, चार ठिकाणच्या आकड्यांचा तक्ता आणि कंपनीच्याच नकाशाचे छायाचित्र जोडले. ट्रायच्या २०२४ च्या सेवा-दर्जा नियमांनुसार कंपन्यांना आपले जाळे कुठे पोहोचते, याचे नकाशे संकेतस्थळावर ठेवावे लागतात. त्या नकाशात आमची गल्ली पूर्ण रंगवलेली होती. मागणी एकच होती, 'इमारतीत येऊन मोजणी करावी आणि अहवाल द्यावा.'

'तक्रार निकाली' असा संदेश आला तर

बहुतेक तक्रारी इथेच मरतात. पैशांच्या तक्रारीला कंपनीकडे चार ते सहा आठवडे असतात, पण 'आपली तक्रार निकाली काढली आहे' असा संदेश त्याआधीच येतो. खालाजानना तो २० नोव्हेंबरला आला: सेवा ग्राहकाच्या संमतीने सुरू झाली होती. नोंद काही दिली नाही. लोक समजतात, संपले. खरे तर त्या दिवसापासून अपिलाचे तीस दिवस सुरू होतात. अपील कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे करायचे असते. त्याला फी नाही, वकील लागत नाही, आणि ३९ दिवसांत निर्णय द्यावा लागतो. डॉकेट नंबर, मूळ पत्र आणि निकालाचा संदेश एवढे जोडले की पुरे.

आम्ही २ डिसेंबरला अपील पाठवले. ७ जानेवारीला, म्हणजे छत्तिसाव्या दिवशी, निर्णय आला. दुसऱ्या खात्रीची नोंद कंपनी दाखवू शकली नव्हती. पन्नास रुपये जमा झाले.

रेंजच्या तक्रारीलाही पहिले उत्तर 'नकाशाप्रमाणे आपल्या भागात सेवा उपलब्ध आहे' असेच होते. अपिलानंतर इंजिनीअर मोजणीचे यंत्र घेऊन आला. त्याचे आकडे आमच्या मुलांच्या वहीशी जुळले. टॉवर आणि आमच्यामध्ये दोन वर्षांत वीस मजली इमारत उभी राहिली होती. एका अँटेनाची दिशा बदलल्यावर तिसरा मजला उणे ११७ वरून उणे १०६ वर आला. तळमजला अजून कोराच आहे. तिथे कंपनीने स्वतःचे छोटे अँटेना इमारतीच्या आत बसवणे, हाच उपाय उरतो आणि त्यासाठी आमच्या सर्वसाधारण सभेची परवानगी लागते. रेडिएशनची भीती ज्यांना वाटते, त्यांच्यासाठी सांगतो, भारतातली मर्यादा १ सप्टेंबर २०१२ पासून आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश आहे. परिसरातले टॉवर नियमात आहेत का, हे केंद्र सरकारच्या 'तरंग संचार' संकेतस्थळावर पाहता येते. तोवर खालच्या मजल्यांवर ज्यांच्याकडे वायफाय आहे, त्यांनी फोनमधले वायफाय कॉलिंग चालू केले आहे. त्याला वेगळे पैसे पडत नाहीत.

अपिलानंतर काय, आणि काय मिळणार नाही

ट्राय वैयक्तिक तक्रारी सोडवत नाही. तिथे पत्र लिहिले तर ते कंपनीकडेच परत येते. अपिलात न्याय मिळाला नाही तर दूरसंचार विभागाचा तक्रार कक्ष आहे, क्रमांक १०६३. त्यापुढे ग्राहक आयोग. मुंबई उपनगरचा जिल्हा आयोग वांद्रे पूर्वेला आहे, आणि ग्राहक राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करण्याची सोय २०१९ च्या कायद्याने दिली आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. घटनेपासून दोन वर्षांच्या आत जावे लागते.

पूर्वी तिथेही दार अडवले जात असे. तार कायद्यात लवादाची तरतूद आहे, म्हणून टेलिफोनचे वाद ग्राहक मंचात चालणार नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयानेच २००९ मध्ये म्हटले होते. मग अहमदाबादच्या एका ग्राहकाचे प्रकरण आले. महिन्याला सरासरी ५५५ रुपये बिल येणाऱ्या या माणसाला २०१३ च्या नोव्हेंबर-डिसेंबरचे बिल आले २४,६०९ रुपये ५१ पैसे. तो २०१४ मध्ये ग्राहक मंचात गेला. कंपनीने अधिकारक्षेत्राचा आक्षेप घेतला आणि ते भांडण सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेले. १६ फेब्रुवारी २०२२ ला 'व्होडाफोन आयडिया' प्रकरणात न्यायालयाने सांगितले की ग्राहक आयोगाचा अधिकार शाबूत आहे. बिल बरोबर की चूक, हे त्या निकालात ठरले नाही. पण दार मात्र सर्वांसाठी उघडे झाले.

काही गोष्टी मागून उपयोग नाही. तुटलेल्या प्रत्येक कॉलला एक रुपया भरपाई देण्याचा नियम ट्रायने २०१५ मध्ये केला होता, तो सर्वोच्च न्यायालयाने मे २०१६ मध्ये रद्द केला. तरी आजही लोक पत्रात तो लिहितात. २०२४ च्या नियमांत नेटवर्क बंद पडल्याबद्दल भाडे वजा करण्याची किंवा वैधता वाढवण्याची तरतूद आहे, पण ती २४ तासांपेक्षा जास्त काळ आणि जिल्ह्याच्या पातळीवर सेवा ठप्प झाली तर. एका सोसायटीला ती लागू होत नाही. आणि कंपनीने काहीच केले नाही, तर PORT लिहून पुढे आपला नंबर टाकून १९०० वर संदेश पाठवला की नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येते. त्यापूर्वी दुसऱ्या कंपनीचे सिम तळमजल्याच्या जिन्यात नेऊन आकडा पाहून घ्यावा.

आमच्या कमिटीच्या कपाटात आता एक वही आहे. प्रत्येक घराला तीत एक पान: नंबर, तारीख, कापलेली रक्कम, डॉकेट, निकालाच्या संदेशाची तारीख, आणि त्यापुढे अपिलाची शेवटची तारीख लाल शाईने.